काडीमोड, कज्जा आणि चौकोनी कुटुंब

लग्न संपवण्यासाठी मराठीत तीन शब्द आहेत: काडीमोड, सोडचिठ्ठी आणि घटस्फोट. पहिले दोन शब्द बहुजनांच्या रोजच्या व्यवहारातले. गवताची काडी मोडायची किंवा चिठ्ठी लिहून द्यायची, आणि बाई मोकळी झाली असे पंचांनी समजायचे. तिसरा शब्द आज सर्वांत प्रतिष्ठित आहे. वर्तमानपत्रांत तोच येतो, न्यायालयाच्या मराठी कागदांतही तोच. पण त्याचे मूळ लग्नाशी निगडित नाही. जातीतून कायमचे बाहेर काढलेल्या माणसाच्या नावाने, तो मेला असे समजून, मातीचा घडा फोडण्याचा धर्मशास्त्रात एक विधी होता. त्याला घटस्फोट म्हणत. 'पतित' ठरवलेल्या स्त्रीच्या बाबतीतही हा विधी होई. म्हणजे ज्या वर्गांत लग्न मोडता येत होते त्यांच्याकडे त्यासाठी साधे शब्द होते. ज्या वर्गांत ते मोडता येत नव्हते, त्यांना विसाव्या शतकात त्याची गरज पडली तेव्हा त्यांनी बहिष्काराचा शब्द उचलला.

शहरांत घटस्फोट वाढले, एकट्या आया वाढल्या, लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी वाढली आणि त्यामुळे आपली 'मूळची' कुटुंबव्यवस्था ढासळते आहे, ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. ती करताना डोळ्यांसमोर असते ते एक विशिष्ट चित्र: आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी. मराठीत त्याला नेमके नावही आहे, चौकोनी कुटुंब. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाशेजारी हेच चार चेहरे भिंतीभिंतींवर रंगवले गेले आणि 'हम दो, हमारे दो'ने ते पाठ करून घेतले. हे चित्र सनातन नाही, हे सांगायला फार पुरावा लागत नाही. कमी माहीत असलेली गोष्ट वेगळी आहे. लग्न कधीच मोडत नाही, ही कल्पना सगळ्या मराठी समाजाची कधी नव्हती. ती सगळ्यांची झाली ती न्यायालयांमुळे, आणि तीही गेल्या दीडशे वर्षांत. हा इतिहास पाहिल्याशिवाय आजच्या बदलात नवे काय आणि जुने काय, हे कळत नाही.

पंचांसमोरची काडी

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा कारभार एल्फिन्स्टनच्या हाती आला. इथल्या लोकांचे दिवाणी तंटे कोणत्या नियमांनी सोडवायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. शास्त्री सांगतील तो नियम, की जातीत चालतो तो? त्याच्या सांगण्यावरून जातीजातींच्या चालीरीती विचारून लिहून घेण्याचे काम सुरू झाले. आर्थर स्टील या अधिकाऱ्याने केलेले संकलन १८२७ मध्ये छापले गेले. पंचांना आणि जाणत्यांना विचारून जमवलेल्या या माहितीत एक गोष्ट ठळक दिसते. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या थोड्या जाती वगळल्या, तर बहुतेक जातींत विधवेचा पाट लागत असे, आणि अनेक जातींत नवरा जिवंत असतानाही सोडचिठ्ठी घेऊन बाईला दुसरा पाट लावता येत असे.

पाट म्हणजे दुय्यम विवाह. लग्न दिवसा, वाजतगाजत. पाट बहुधा रात्री, मोजक्या माणसांत. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोइतका मान नसे. पेशव्यांच्या सरकारलाही ही चाल ठाऊक होती, कारण तिच्यावर 'पाटदाम' नावाची पट्टी वसूल होई. राज्यकर्ते ब्राह्मण होते, स्वतःच्या घरातल्या विधवांना त्यांनी पुनर्विवाहाची मुभा दिली नाही, पण इतरांच्या पाटावर कर घेतला. ज्यावर कर बसतो ती गोष्ट सरकारच्या दृष्टीने अस्तित्वात असते, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

ही चाल स्त्रियांना स्वातंत्र्य देणारी होती असे मात्र समजू नये. नवऱ्याने सोडचिठ्ठी द्यायला नकार दिला तर बाई अडकत असे. दुसऱ्या नवऱ्याने पहिल्याच्या लग्नाचा खर्च भरून द्यायचा, असा पंचांचा निवाडा असे. म्हणजे बाईच्या सुटकेला किंमत होती आणि ती पुरुषांनी आपसांत चुकती करायची होती. मुले बापाकडे राहत. पंच सगळे पुरुषच. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. सोडलेली किंवा सोडून आलेली बाई समाजातून उठत नव्हती. तिला पुढचे आयुष्य होते, दुसरे घर होते, आणि तिथे झालेली मुले त्या घरची होती.

जातीचा अधिकार आणि दंडसंहितेचे कलम

हे चित्र बदलले ते १८६० च्या दंडसंहितेने. तिच्या ४९४व्या कलमाने, पहिला जोडीदार जिवंत असताना दुसरे लग्न करणे हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. पण अट अशी की दुसरे लग्न पहिल्यामुळे रद्दबातल ठरत असले पाहिजे. हिंदू पुरुषाला कितीही बायका करता येत होत्या, त्यामुळे हे कलम त्याला लागूच होत नव्हते. ते लागू होत होते हिंदू स्त्रीला, आणि तिच्याशी लग्न लावणाऱ्याला.

मग प्रश्न आला: पंचांच्या परवानगीने दुसरा पाट लावलेली बाई गुन्हेगार का? १८६४ मध्ये गुजरातेतल्या एका जातीचा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. नवऱ्याच्या संमतीशिवाय, जातीच्या रूढीने बाईने दुसरा घरोबा केला होता. न्यायालयाने ती रूढी हिंदू कायद्याच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली आणि मानली नाही. १८७६ च्या संभू रघूच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले. विवाह रद्द झाल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. आणि जातीची परवानगी पुरेशी आहे असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटले होते, हा बचावही चालणार नाही.

नवऱ्याने स्वतः सोडचिठ्ठी दिली असेल तर न्यायालये ती बऱ्याचदा मान्य करत. नाकारली गेली ती बाईची बाजू ऐकून, नवऱ्याच्या नकारापलीकडे जाऊन पंचांनी तिला मोकळे करण्याची वाट. इंग्रज न्यायाधीशांना वाटत होते की आपण हिंदूंचा कायदा राबवतो आहोत. प्रत्यक्षात शास्त्रांतला थोड्या जातींचा नियम सर्वांना लागू होत होता. त्याच वेळी प्रतिष्ठा मिळवू पाहणाऱ्या जाती स्वतःहूनही पाट बंद करू लागल्या होत्या. शिक्षण घेतलेल्या, शहरात स्थिरावलेल्या घरांत 'आमच्यात पाट लागत नाही' हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाऊ लागले. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिचा बराचसा भाग या वाक्यातून तयार झाला आहे.

आई आणि मुलगी

या दोन जगांचा सांधा एकाच घरात पाहायचा असेल तर रखमाबाईंचे घर पाहावे. त्यांचा खटला मराठी वाचकाला परिचित आहे, पण त्यात त्यांच्या आईचा भाग सहसा मागे राहतो. जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या. त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाह रूढ होता, म्हणून काही वर्षांनी त्यांचे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न झाले आणि रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरी, पुस्तकांत वाढल्या. आईला जातीच्या चालीने दुसरे घर मिळाले. मुलीला मात्र अकराव्या वर्षी झालेल्या पहिल्याच लग्नातून सुटता येईना.

दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला तो बायको नांदायला यावी म्हणून. 'दांपत्यहक्कांचे पुनःस्थापन' हा दावा धर्मशास्त्रात नाही. तो इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आला. ज्या १८८४ साली हा दावा दाखल झाला, त्याच साली इंग्लंडने स्वतःच्या कायद्यातून अशा हुकमाची अवज्ञा केल्याबद्दलची कैद काढून टाकली. इथे ती शिल्लक होती. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो निकाल उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. तुरुंगात जाईन पण नांदणार नाही, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई वैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडनला जाऊ शकल्या.

तडजोडीने काय मिळाले, हे नीट पाहिले पाहिजे. पैसे देऊन हुकमाची अंमलबजावणी थांबली. लग्न संपले नाही. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले, कायद्याने ते करू शकत होते. रखमाबाईंनी केले असते तर ४९४वे कलम होते. जुन्या पद्धतीत दुसऱ्या नवऱ्याने पहिल्याचा खर्च भरून द्यायचा आणि बाई मोकळी व्हायची. इथे खर्च दिला गेला आणि बाई बांधलेलीच राहिली. सुरत आणि राजकोटला डॉक्टर म्हणून आयुष्य काढून रखमाबाई सप्टेंबर १९५५ मध्ये वारल्या. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा त्याच वर्षी, मे महिन्यात झाला होता.

दोष सिद्ध करा

मराठी मुलखाच्या जवळ हा हक्क त्याआधीच आला होता. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्येला बंदी घातली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा. या सगळ्या कायद्यांचा पाया एक होता. लग्न मोडायचे तर दुसऱ्याचा दोष न्यायालयात सिद्ध केला पाहिजे: त्याग, परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध, असाध्य वेड, महारोग वगैरे. पंचांपुढे 'यांचे पटत नाही' एवढे पुरत असे. आता कज्जा लढायचा होता, आणि कज्ज्यात एक जण गुन्हेगार लागतो.

याचा परिणाम काय होई, हे १९४७ च्या मुंबई कायद्याखालच्या एका खटल्यातून दिसते. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल आजही त्यागाची व्याख्या सांगताना उद्धृत होतो. नवरा-बायकोचे लग्न १९४२ मधले, एक मूल, मुंबईत सासरच्यांसह एकत्र बिऱ्हाड. १९४७ च्या आरंभी नवरा व्यवसायासाठी इंग्लंडला गेला. तो परदेशी असताना बायकोने कुटुंबाच्या एका मित्राला लिहिलेले पत्र घरच्यांच्या हाती लागले. मेमध्ये तो परतला, त्याने पत्राबद्दल विचारले, आणि २४ मे रोजी ती जळगावला माहेरी गेली. तिथे नात्यातले लग्न होते. जुलैमध्ये त्याने सॉलिसिटरमार्फत पत्र पाठवले: तुझे वर्तन असे आहे, मी तुला ठेवायला तयार नाही, मूल माझ्याकडे पाठव. पुढे तिच्या माहेरच्यांनी तिला परत पाठवण्याचे प्रयत्न केले, ते फळाला आले नाहीत. १९५१ मध्ये नवऱ्याने दावा लावला: बायकोने चार वर्षांहून अधिक काळ माझा त्याग केला आहे, घटस्फोट द्या.

पहिल्या न्यायाधीशांनी दिला. अपिलात तो उलटला. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचे अपील फेटाळले. न्यायालयाचे म्हणणे असे: त्याग म्हणजे नुसते वेगळे राहणे नव्हे, कायमचे सोडून जाण्याचा हेतूही लागतो, आणि तो सबंध काळ टिकलेला असावा लागतो. ती लाजेने किंवा भीतीने माहेरी गेली असेल, पण ती परत यायला तयार होती. जुलैच्या पत्राने नवऱ्यानेच दार बंद केले.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल न्याय्य आहे. बायकोवरचा आरोप टिकला नाही, तिचे नाव आणि पत्नी म्हणून असलेला हक्क राहिला. पण निकालाच्या दिवशी ही दोन माणसे नऊ वर्षे वेगळी होती आणि पुढेही कायद्याने एकमेकांची होती. सरकारी नोंदीत एक कुटुंब शाबूत राहिले. अशी किती 'शाबूत' कुटुंबे त्या काळात होती, हे कोणत्याही घटस्फोटाच्या आकड्यात दिसणार नाही. म्हणून 'पूर्वी घटस्फोट होत नसत' हे विधान खरे असूनही त्यातून संसार टिकत होते असे सिद्ध होत नाही.

१९७५ मध्ये पुण्याच्या एका सुशिक्षित जोडप्याच्या प्रकरणात हीच गोष्ट वेगळ्या अंगाने घडली. न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने क्रौर्य सिद्ध झाल्याचे मान्य केले. पण त्या काळातही दोघांचा संसार चालू होता, म्हणजे क्रौर्याला क्षमा झाली होती, असे ठरवून विभक्ततेची मागणी फेटाळली. सहन करून राहण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाच तो प्रयत्न पुरावा म्हणून आडवा आला. जोडपे १९६१ पासून वेगळे होते.

परस्परसंमती

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कायद्यात १३-ब हे कलम आले आणि परस्परसंमतीने घटस्फोट शक्य झाला. आजच्या शहरी घटस्फोटाचे बीज इथे आहे. दोघांनी मिळून अर्ज करायचा, त्याआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असायचे, आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, दुसऱ्यांदा 'आमचा निर्णय कायम आहे' असे सांगायचे. मधल्या काळात दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते, आणि घेतली की अर्ज संपला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सहा महिन्यांची मुदत बंधनकारक नसून, समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी, मुले, मालमत्ता हे सारे मिटले असेल तर ती माफ करता येते, असे सांगितले.

१९८४ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालये सुरू झाली. तिथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. पक्षकार आधी विवाह समुपदेशकासमोर बसतात. समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य कायद्यातच लिहिलेले आहे. अनेक प्रकरणे आरोपांच्या दाव्याने सुरू होतात आणि समुपदेशकाच्या खोलीत परस्परसंमतीकडे वळतात. तिथे जो कागद तयार होतो त्याला सगळे 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात. त्यात स्त्रीधन कधी परत करायचे, एकरकमी पोटगी किती आणि किती हप्त्यांत, मूल कोणाकडे, दुसऱ्याला ते कोणत्या वारी किती वाजता भेटणार, सुट्टीतले आणि दिवाळीतले दिवस कसे वाटायचे, घरकर्जाचा हप्ता कोण भरणार आणि एकमेकांवरच्या तक्रारी केव्हा मागे घ्यायच्या, हे कलमवार लिहिलेले असते. हा कागद ढोबळ असला की पुढे पस्तावण्याची वेळ येते. 'मुलाला भेटू दिले जाईल' एवढेच लिहिले तर पुढची दहा वर्षे भेटीवरून अर्ज चालतात.

या कागदाकडे पाहिले की जुन्या पंचांची आठवण येते. खर्च कोणी कोणाला द्यायचा, मूल कुठे राहायचे, बाई केव्हा मोकळी, तेच प्रश्न. फरक इतकाच, आणि तो छोटा नाही, की आता बाई स्वतः सही करते.

जुनी काडीमोडही कायद्यातून नाहीशी झालेली नाही. १९५५ च्या कायद्याच्या २९व्या कलमाने रूढीने चालत आलेला घटस्फोट शाबूत ठेवला. मात्र अशी रूढी आपल्या जातीत जुनी, सलग आणि निश्चित आहे, हे न्यायालयात स्पष्ट मांडून पुराव्याने दाखवावे लागते. मुद्रांक कागदावर सोडचिठ्ठी लिहून नोटरीचा शिक्का मारून घेण्याची पद्धत आजही आहे. त्या जोरावर दुसरे लग्न केले आणि पहिल्या जोडीदाराने किंवा वारसांनी आक्षेप घेतला, तर रूढीचा पुरावा नसलेला तो कागद टिकत नाही. मग दुसरे लग्न रद्द ठरते आणि त्याची झळ बहुधा दुसऱ्या बायकोला, तिच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जाला लागते.

टाकलेल्या, एकट्या, सोबतीच्या

२०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख होते आणि कागदाशिवाय वेगळे राहणारे सुमारे पस्तीस लाख. म्हणजे मोडलेल्या संसारांचा मोठा भाग न्यायालयात गेलेलाच नव्हता. दोन्ही गटांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक आहे, कारण पुरुष लवकर दुसरे लग्न करतात. महाराष्ट्रात या स्त्रियांना 'परित्यक्ता' हे नाव मिळाले आणि १९८८ मध्ये संगमनेरला त्यांची परिषद भरली तेव्हा त्यांचा प्रश्न प्रथमच राजकीय भाषेत मांडला गेला: रेशनकार्ड स्वतंत्र हवे, पोटगी मिळावी, नवऱ्याच्या घरात हक्क हवा. एकल पालकत्व ही उच्चभ्रू शहरी स्त्रीची निवड आहे, असे आज चित्र रंगवले जाते. तिची सर्वांत मोठी संख्या मात्र टाकून दिलेल्या या बायकांची होती आणि त्यांपैकी कितीतरी जणी पोटासाठीच शहरात आल्या.

अशा आईने मुलाला एकटीने वाढवले तरी कागदावर पालक बापच होता. १९५६ च्या पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असे लिहिले होते. लेखिका गीता हरिहरन यांनी नवऱ्याच्या संमतीने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा बापाची सही किंवा आईच पालक असल्याचा दाखला मागितला गेला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' एवढाच नव्हे, तर 'त्याच्या अनुपस्थितीत' असा लावला. बाप लक्ष देत नसेल, तर आई पालक. २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता पालकत्व मिळू शकते, असा निकाल आला. आणि २०२४ पासून महाराष्ट्रात शासकीय कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम लागू झाला. पाळणाघर शोधण्यापासून भाड्याचे घर मिळेपर्यंतच्या अडचणी या निकालांनी संपत नाहीत, पण शाळेच्या खिडकीशी 'वडील कुठे आहेत?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती कमी झाली.

लग्नाशिवायच्या सहजीवनाची कथा सगळ्यांत अनपेक्षित आहे. मिताक्षरेत 'अवरुद्धा' म्हणून ओळखली जाणारी, एका पुरुषाच्या मृत्यूपर्यंत त्याच्याशी एकनिष्ठ राहिलेली रक्षा होती. पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून तिला अन्नवस्त्राचा हक्क होता आणि मुंबईहून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या खटल्यात १९२६ मध्ये तो मान्यही झाला. १९५६ च्या निर्वाहाच्या कायद्याने एकपत्नीत्वाचा आदर्श पक्का करताना अवलंबितांच्या यादीतून ही स्त्री गाळली. तिची मुले यादीत राहिली, ती स्वतः बाहेर गेली. पुढची पन्नास वर्षे अशा स्त्रीला जवळजवळ काहीच नव्हते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात 'विवाहसदृश संबंध' हे शब्द आले तेव्हा तिच्यासाठी दार पुन्हा किलकिले झाले.

कोणता संबंध विवाहसदृश, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले: दोघे सज्ञान असावेत, दोघांपैकी कोणाचे लग्न आधी झालेले नसावे किंवा ते संपलेले असावे, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत आणि जगापुढे पतिपत्नीसारखे वावरलेले असावेत. म्हणून पुण्या-मुंबईत एकत्र राहणाऱ्या जोडप्याच्या भांडणात दोघांच्या नावचा भाडेकरार, सामायिक बँकखाते, शेजाऱ्यांची साक्ष यांना महत्त्व येते. पण जे जोडपे मुद्दाम 'आम्ही नवरा-बायको नाही' म्हणून राहते, ते या कसोटीत नीट बसत नाही. कायदा संरक्षण देतो ते लग्नासारखे दिसणाऱ्याला. जोडीदार वारला तर दुसऱ्याला वारसा आपोआप मिळत नाही, मृत्युपत्र लागते. ज्येष्ठ वयात सोबतीसाठी एकत्र राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी हे आधी करून ठेवलेले बरे, कारण आक्षेप घेणारी मुले मोठी झालेली असतात.

दोनशे वर्षांच्या या प्रवासात संसार मोडणे ही गोष्ट नवी नव्हती. मोडल्यावर बाईला काय उरते, हा प्रश्न मात्र दर टप्प्यावर वेगळा सुटला. पंचांच्या काळात तिला दुसरे घर मिळे, हक्क मिळत नसे. मधल्या शंभर वर्षांत, ज्या काळाला आपण आदर्श कुटुंबाचा काळ समजतो, बऱ्याच जणींना दोन्ही मिळाले नाही; माहेरच्या माजघरात किंवा स्वयंपाकाच्या कामावर त्यांची आयुष्ये गेली आणि घराण्याच्या वंशावळीत संसार अखंड दिसत राहिला. आज हक्क आहे. घर अजून स्वतःच शोधावे लागते. पुढच्या जनगणनेत घटस्फोटितांचा आकडा वाढलेला दिसला तर त्याच तक्त्यात शेजारचा रकाना पाहावा: कागदाशिवाय वेगळे राहणाऱ्यांचा. पहिला वाढून दुसरा कमी झालेला असेल, तर संसार अधिक मोडले असे म्हणता येणार नाही. मोडलेल्या संसारांचे कागद झाले, एवढेच म्हणता येईल.